यादीचे गाणे आणि शेवटचे कडवे

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील भोंडल्याच्या तयारीनिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या भोंडल्यासाठी एक नवे गाणे आम्ही रचून द्यावे आणि ते कसे रचले हेही चार शब्दांत सांगावे, अशी आज्ञा मंडळाच्या भगिनींनी केली. आम्ही पडलो सरकारी नोकर. आमची सारी हयात याद्या करण्यात गेली: सामानाच्या याद्या, प्रलंबित प्रकरणांच्या याद्या, ज्येष्ठतेच्या याद्या. त्या याद्यांचा धर्म असा की, त्यांतील सतरावा क्रमांक पहिल्या क्रमांकाइतकाच कोरडा असतो आणि शेवटच्या क्रमांकाखाली सही करून कागद पुढे सरकवायचा असतो. भोंडल्याची कितीतरी गाणी ह्याही याद्याच आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक वस्तू मागच्या वस्तूपेक्षा काहीतरी अधिक घेऊन येते, आणि शेवटची वस्तू ऐकणाऱ्याला दचकवते. कागदावरची यादी आणि फेरातली यादी यांत हा फरक कशाने पडतो, तेवढाच आजचा विषय आहे.

यादीचे गाणे म्हणजे काय, ते आधी सांगावयास हवे. एक साचा ठरलेला असतो. प्रत्येक कडव्यात त्या साच्यातील एखाददुसरा शब्द बदलतो आणि बाकीचे सारे जसेच्या तसे राहते. एकीने कडवे म्हणायचे व सर्वांनी ध्रुवपद धरायचे, ही त्याची रीत. म्हणून ते पाठ करावे लागत नाही. दोन कडवी कानांवरून गेली की नवखी मुलगीसुद्धा तिसऱ्या कडव्याचे ध्रुवपद न चुकता म्हणते. ह्याच सवयीचा उपयोग रचनाकाराला शेवटी करून घ्यावयाचा असतो, हे येथेच लक्षात ठेवावे.

आता आपल्या घराघरांत माहीत असलेली दोन जुनी गाणी घेऊ. पहिले, कारल्याच्या वेलाचे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू तिला कारल्याचे बी पेरावयास सांगते. मग कोंब, मग वेल, मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी, असे एकेक काम पुढे येत राहते. ह्या यादीचा क्रम निसर्गाने बांधलेला आहे. फुलाच्या आधी कारले येऊ शकत नाही, त्यामुळे कोणतीही दोन कडवी उलटसुलट करता येत नाहीत. प्रत्येक कडव्यात वाढते ती त्या मुलीची वाट पाहणे. भाजी झाली म्हणजे सुटका झाली, असे ऐकणारी मनाशी धरून चालते. आणि नेमक्या त्या ठिकाणी सासू म्हणते की, मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. काम संपले आणि परवानगी मात्र दुसऱ्याच टेबलावर निघून गेली! कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ह्या कलाटणीचे मर्म अधिक उलगडून सांगावे लागत नाही.

दुसरे गाणे वेड्याच्या बायकोचे. ती करंज्या करते, वेडा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. ती लाडू करते, वेडा त्यांना चेंडू समजतो. घरोघरी ह्या यादीत निरनिराळे पदार्थ आहेत आणि त्यांचा क्रमही निरनिराळा आहे. म्हणजे येथे मधल्या कडव्यांना कारल्याच्या वेलासारखा पक्का क्रम नाही. मग येथे वाढते काय? वाढतो तो एका नियमावरचा आपला विश्वास. वेडा वस्तूचा केवळ आकार पाहतो आणि आकारावरून तिचे नाव ठरवतो, हा तो नियम. तिसऱ्या पदार्थापर्यंत आपण तो शिकतो, आणि पुढचा पदार्थ आला की वेडा आता काय समजेल, याचा अंदाज करीत हसू लागतो. शेवटच्या कडव्यात बायको निजलेली आहे. निजलेले माणूस निश्चल असते. वेड्याने आपला नियम मुळीच मोडला नाही. त्याने जे दिसले त्यावरून तिला मेलेली ठरवले आणि जाळून टाकले. हसण्यासाठी उघडलेले तोंड तसेच राहते.

ह्या दोन गाण्यांतून आम्ही एक सूत्र काढले आहे. शेवटचा धक्का बाहेरून आणावयाचा नसतो. ज्या साच्याने पहिली पाच कडवी चालली, त्याच साच्यातून तो निघाला पाहिजे. साचा तोच, चाल तीच, शब्दाची जागा तीच. आणि त्या जागी असे काही येते की, ते येणार हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, परंतु आल्यावर 'हे तर यावयासच हवे होते' असे सर्वांना वाटते. ह्यांपैकी पहिली अट पुरी झाली नाही तर गाणे मिळमिळीत होते, आणि दुसरी झाली नाही तर ती नुसती थट्टा होते.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. विषय आम्ही बदलीचा घेतला. ह्या सभागृहातील निम्मी कुटुंबे बदलीमुळे येथे आली आणि उरलेल्यांनी शेजाऱ्यांच्या घरापुढे उभी राहिलेली मालगाडी पाहिली आहे. बदलीत वस्तूंची यादी आपसूकच तयार होते. शिवाय वस्तूंना वजन असते, आणि वाढत जाणारे वजन दाखवणे हाच आपला हेतू आहे.

परंतु गाण्यात वजन सांगावे कसे? मण आणि किलो म्हणू लागलो तर वाण्याचे दुकान होईल. म्हणून ती वस्तू उचलावयास किती माणसे लागली, हे माप आम्ही धरले. उशी एकटीने, परात दोघींनी, पेटी चौघांनी, असे माणसांचे आकडे चढत गेले म्हणजे वजन डोळ्यांपुढे उभे राहते. त्यातून फेरातील मुलींना बोटे दाखवून अभिनयही करता येतो. आकड्यांमुळे क्रम पक्का झाला, तोही असा की लहान मुलीलासुद्धा आठवावा.

दुसरा प्रश्न भाषेचा आला, आणि तो खास मराठीचा आहे. आपल्या भाषेत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते. उशी उचलली, पाटा उचलला, कपाट उचलले. ध्रुवपदात 'उचलली' हा शब्द ठेवला की यादीतील प्रत्येक एकवचनी वस्तू स्त्रीलिंगीच हवी. नाहीतर दर कडव्याला ध्रुवपद बदलेल आणि फेर अडखळेल. ह्या एका अटीने पाटा-वरवंटा गेला, जाते गेले, देव्हारा गेला आणि कपाटही गेले. कपाटाच्या जागी 'अलमारी' घेतली. आपण ज्या प्रदेशात राहतो तेथे हा शब्द मुलांच्या तोंडी आहेच, आणि विदर्भातील मंडळींना तो घरचाच आहे. ह्या अटीचा आणखी एक लाभ झाला. सहा स्त्रीलिंगी वस्तू एका ओळीने म्हटल्यावर येथे जन्मलेली मुले 'माझा उशी' म्हणावयाची थोडी तरी थांबतील!

तिसरी गोष्ट मोजमापाची. प्रत्येक ओळ आम्ही आठ अक्षरांची ठेवली. फेरात पावले टाकताना ती दोन टाळ्यांत सहज बसते. साचा असा की, पहिल्या ओळीत वस्तू आणि ती कशाची बनली आहे ते, दुसरीत उचलणारी माणसे, आणि मग दोन ओळींचे ध्रुवपद. गाणे असे आहे:

पाच वर्षे ह्या घरात,
आज बदली आली गं.

उशी माझी कापसाची,
उचलली एकटीने.
उचलली नि ठेवली,
गाडी अजून रिकामी.

परात ती पितळेची,
उचलली गं दोघींनी.
उचलली नि ठेवली,
गाडी अजून रिकामी.

पेटी माझी लोखंडाची,
उचलली गं चौघांनी.
उचलली नि ठेवली,
गाडी अजून रिकामी.

खाट माझी शिसवीची,
उचलली गं सहांनी.
उचलली नि ठेवली,
गाडी अजून रिकामी.

अलमारी पोलादाची,
उचलली गं आठांनी.
उचलली नि ठेवली,
गाडी अजून रिकामी.

तुळस ती माहेरची,
उचलते एकटीने.
उचलेना गं, हलेना,
मूळ गेले अंगणात.

गाडी अजून रिकामी.

आता शेवटच्या कडव्यात काय काय घडते, ते सावकाश पाहू. आठ माणसांच्या अलमारीनंतर ऐकणारीला वाटते की, आता दहा माणसांची वस्तू येणार. येते ती एवढीशी तुळस, आणि उचलणारी पुन्हा एकटी. येथे पहिला धक्का बसतो, पण तो हलका असतो. चढती रांग अचानक खाली आली म्हणून बायका हसतील, आणि गाणे गमतीने संपत आहे असे त्यांना वाटेल. ते हसू ओसरण्याच्या आत दुसरा धक्का येतो. सर्वांत हलकी वस्तू तेवढी हलत नाही. कुंडीच्या तळाच्या भोकातून मूळ खाली उतरले आणि ह्या परक्या म्हटलेल्या गावाच्या मातीत शिरले. माहेरून आणलेली म्हणून जिला आपण पाहुणी समजत होतो, ती येथली झाली आहे.

हे न्याय्य वाटावे म्हणून दोन खुणा आधीच पेरून ठेवल्या आहेत. पहिली खूण आरंभीची 'पाच वर्षे'. ती ऐकताना केवळ माहिती वाटते. मुळाची गोष्ट कळल्यावर तिचा उपयोग ध्यानात येतो. पाचच का, दहा का नाहीत, असे कोणी विचारील. कुंडीतील तुळशीचे एकच झाड दहा वर्षे क्वचितच टिकते. बहुधा तिच्या मंजिऱ्यांच्या बियांतून नवे रोप येते. ज्या बाईने तुळस लावली आहे ती ऐकताना मनातल्या मनात हा हिशेब करतेच, आणि तो चुकला तर तिचा गाण्यावरचा विश्वास उडतो. दुसरी खूण साच्यात आहे. कापूस, पितळ, लोखंड, शिसव, पोलाद, अशी प्रत्येक वस्तू कशाची बनली ते सांगितले. तुळस मात्र कशाची बनली ते सांगितले नाही, ती कोठली ते सांगितले. त्याच जागी वेगळ्या जातीचा शब्द आला. पहिल्या पाच वस्तू घडवलेल्या होत्या, सहावी जिवंत आहे, हे त्या एका शब्दाने सुचवले. शिसवीची खाटही एकेकाळी झाडच होती, पण तिला आता मूळ नाही. म्हणून ती गाडीत चढते.

ध्रुवपदाविषयी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण सर्वांत अधिक वेळ तेथेच गेला. 'गाडी अजून रिकामी' ही ओळ पहिल्या पाच कडव्यांत साधी व उपयोगी आहे. जागा आहे, पुढची वस्तू आणा, एवढाच तिचा अर्थ. तीच ओळ शेवटी एकटी येते, तेव्हा गाडी सामानाने खचाखच भरलेली आहे आणि तरीही ती रिकामी आहे. शब्द एकही बदललेला नाही. यादीच्या गाण्यात ध्रुवपद हा केवळ विसावा असतो असे समजून पुष्कळ जण तेथे 'गं बाई' आणि 'सये' घालून मोकळे होतात. परंतु सर्वांत अधिक वेळा ऐकली जाणारी ओळ तीच असल्यामुळे, शेवटी अर्थाने पालटली तर सर्वांत खोल जाणारी ओळही तीच ठरते. म्हणून आमची सूचना अशी की, शेवटचे कडवे आधी रचावे, मग ध्रुवपद आणि मग मधल्या वस्तू. पहिल्या कडव्यापासून सुरुवात करणाऱ्याला शेवटी काय आणावे हे सुचत नाही, आणि मग तो वजन वाढवीत हत्तीपर्यंत जातो.

हत्तीचे नाव निघाले म्हणून सांगतो. ह्या गाण्याचा शेवट चुकण्याच्या तीन सोप्या वाटा आहेत. अलमारीनंतर दहांनी उचललेला एखादा आणखी अवजड ऐवज आणला, तर रांग पुढे गेली पण काही घडले नाही; ऐकणारीला हे आधीच ठाऊक होते. अलमारीनंतर मांजर गाडीत उडी मारून बसले असे म्हटले, तर हसू येईल, पण त्या मांजराचा उचलण्याशी काही संबंध नाही. उद्या तेथे पोपट बसवला तरी चालेल. तिसरी वाट सर्वांत मोहाची. शेवटी 'आठवणी' उचलेनात, असे म्हणावयाचे. ऐकताना गोड वाटते. परंतु आठवणी कोणी गाडीत चढवीत नाही, त्यांना हात लावता येत नाही, आणि असा शब्द येणार हे बदलीचे गाणे सुरू होताच निम्म्या सभेने ओळखलेले असते. पाच वस्तू हाताने उचलल्यानंतर सहावीही हाताने उचलण्यासारखीच हवी. तुळशीला हात लावता येतो, ओढून पाहता येते, आणि ती हलत नाही हे हाताला कळते.

वस्तू किती असाव्यात, असेही विचारले जाते. तिसऱ्या वस्तूपर्यंत नियम ध्यानात येतो. त्यानंतर एक-दोन वस्तू त्या नियमावर निर्धास्त रेलण्यासाठी द्याव्या लागतात. त्याहून अधिक दिल्या की ऐकणारी कंटाळून स्वतःच शेवट शोधू लागते आणि सापडला तर धक्का वाया जातो. पाच अधिक एक, हे माप आमच्या गाण्याला पुरले. ध्रुवपद लांब असेल तर एक वस्तू कमी करावी.

गाणे तयार झाले की ते पारखण्याच्या दोन रीती आहेत. पहिली अशी की, मधली दोन कडवी उलटी म्हणून पाहावीत. कोणाला काही खटकले नाही, तर वजन चढत नाही असे समजावे. आमच्या गाण्यात खाट आधी आणि परात नंतर म्हटली, तर सहांनंतर दोघी येतात, मुलांची बोटे गोंधळतात, आणि शेवटी एकटी येण्यातली गंमतही आधीच खर्च होते. दुसरी रीत अशी की, शेवटचे कडवे झाकून ठेवावे आणि ज्याने गाणे ऐकलेले नाही अशा माणसाला पुढे काय येईल ते विचारावे. त्याने बरोबर ओळखले तर शेवट बदलावा. त्याला ओळखता आले नाही, तर शेवट ऐकवून त्याचा चेहरा पाहावा. तो 'हे कसे काय?' असे विचारू लागला, तर खूण पेरावयाची राहिली आहे. तो क्षणभर गप्प राहिला, तर गाणे जमले.

म्हणण्याविषयी थोडे सांगून संपवतो. पहिल्या वेळी शेवटचे कडवे फक्त पुढे म्हणणारीला ठाऊक असावे. तिने ते येण्यापूर्वी थांबू नये, आवाज हळवा करू नये, चाल संथ करू नये. अलमारीच्या कडव्याची गती तशीच ठेवावी. फेरातील बाकीच्या जणी सवयीने 'उचलली नि ठेवली' म्हणू लागतील, आणि त्याच वेळी पुढची म्हणेल 'उचलेना गं, हलेना'. ती दोन वाक्ये एकमेकींवर आदळतील. ह्या घोटाळ्याला भिऊ नये. सर्वांनी मिळून उचललेले ओझे हातात तसेच अडकून राहिले, असे त्यामुळे प्रत्येकीला वाटेल. मग शेवटची ओळ सर्वांना म्हणता येतेच, कारण ती त्यांनी पाच वेळा म्हटलेली आहे.

धक्का एकदाच बसतो, ही ह्या प्रकारची मर्यादा आहे. पुढच्या वर्षी सर्वांना तुळस ठाऊक असेल. परंतु वेड्याच्या बायकोचे काय झाले हेही सर्वांना ठाऊक असते, तरी ते गाणे दर वर्षी म्हटले जाते. ज्याला शेवट माहीत आहे त्याला करंजीच्या कडव्यापासूनच तिची काळजी वाटू लागते, आणि नवख्या मुलींचे हसणे ऐकताना तो त्यांच्या गप्प होण्याची वाट पाहतो. आमच्या गाण्यातही दुसऱ्या वर्षी 'गाडी अजून रिकामी' ही ओळ उशीच्या कडव्यापासूनच निराळी वाजेल. तशी ती वाजली नाही, तर आम्ही रचले ते गाणे एका भोंडल्यापुरतेच होते असे समजावे आणि त्याच्या जागी दुसरे रचावे. साचा तुमच्या हाती दिलाच आहे.